गर्भारपणातला टोरांटोचा हिवाळा : पोटावरचे सैल थर आणि न घसरणारे बूट

पुण्याहून किंवा नाशिकहून कॅनडात आलेल्या स्त्रीला पहिल्या हिवाळ्यात थंडीचे कपडे घालायला शिकावे लागते, आणि गर्भारपणातल्या हिवाळ्यात ती विद्या पुन्हा एकदा नव्याने शिकावी लागते. मागच्या वर्षीचा कोट पोटावर मिटत नाही, बुटांची चेन पोटरीवर येऊन अडते, आणि इतकी वर्षे सवयीचा झालेला बर्फ एकाएकी परका वाटू लागतो. दूरध्वनीवरून घरची मंडळी ‘पोट झाक, गार लागू देऊ नकोस’ असे बजावतात. सल्ला प्रेमाचा असतो, पण टोरांटोच्या जानेवारीत नेमके काय घालावे याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते उत्तर गर्भवतीच्या शरीरात, कापडाच्या गुणधर्मांत आणि बर्फाच्या स्वभावात शोधावे लागते.

पहिला गैरसमज आधीच दूर केलेला बरा. पोटाच्या कातडीला गार वारा लागला म्हणून गर्भाला थंडी वाजत नाही. गर्भाचे तापमान मातेच्या शरीराच्या आतील तापमानापेक्षा साधारण अर्ध्या अंशाने जास्तच असते, आणि मातेच्या अंतर्भागाची ऊब टिकून आहे तोवर गर्भ सुरक्षित असतो. बाहेरून आल्यावर पोटाला हात लावला आणि ते गार लागले, तर गार झाली आहे ती कातडी आणि तिच्याखालची चरबी. पोटावर उबदार थर हवा तो मातेच्या सुखासाठी आणि तिच्या शरीराची एकूण ऊब राखण्यासाठी. ताणलेल्या कातडीवरून वारा गेला की ती कोरडी पडते, खाजते, आणि ओटीपोटाचे व कमरेचे स्नायू आखडतात. घाबरण्याजोगे त्यात काही नसले, तरी तो त्रास खराच असतो.

गर्भवतीला थंडीइतकाच उकाड्याचाही विचार करावा लागतो, आणि ही बाजू बहुधा विसरली जाते. गर्भारपणात रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, शरीर विश्रांतीतही अधिक उष्णता निर्माण करते आणि ती बाहेर टाकण्यासाठी कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणूनच बर्फ पडत असताना नवरा दोन स्वेटर घालून कुडकुडतो आणि बायको खिडकी उघडायला सांगते. मधल्या महिन्यांत रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा कमी असतो. अशा स्थितीत जाड कोट घालून गरम डब्यात उभे राहिले, तर घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि कधी कधी स्त्री खाली कोसळते. पहिल्या तीन महिन्यांत शरीराचे आतील तापमान ३९ अंशांच्या वर जाणे गर्भाच्या मज्जासंस्थेच्या घडणीस अपायकारक ठरू शकते. कोटामुळे तापमान सहसा तिथवर चढत नाही, पण ताप असताना अंगावर थरांवर थर चढवून घाम काढण्याचा जुना घरगुती उपाय या काळात टाळावा तो याच कारणासाठी.

हिवाळ्याच्या पोशाखाची कसोटी म्हणून दुहेरी असते. बाहेर उणे तापमानात ऊब टिकली पाहिजे, आणि आत बावीस अंशांच्या खोलीत अर्ध्या मिनिटात अंग मोकळे करता आले पाहिजे.

एका सकाळीचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. गर्भारपणाचा एकतिसावा आठवडा चालू असलेली एक स्त्री मिसिसागातल्या पोर्ट क्रेडिट भागात राहते. तिचे कार्यालय टोरांटोच्या मध्यवर्ती भागात आहे. घरापासून गो ट्रेनच्या स्थानकापर्यंत बारा मिनिटांची चाल, पुढे सुमारे अर्ध्या तासाचा प्रवास, आणि युनियन स्टेशनपासून ‘पाथ’ नावाच्या भुयारी पादचारी मार्गाने कार्यालयापर्यंत दहा मिनिटे. जानेवारीतली सकाळ, तापमान उणे १२, आणि सरोवराकडून ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारा वारा. कॅनडाच्या हवामान खात्याच्या सूत्राप्रमाणे उघड्या कातडीला ही थंडी उणे २२ इतकी जाणवते. उघडी कातडी अर्ध्या तासाच्या आत गोठण्याचा धोका हे खाते साधारण उणे २८ पासून पुढे सांगते. म्हणजे ही सकाळ बोचरी असली, तरी बारा मिनिटांसाठी धोक्याची नाही.

ती घरून निघते तेव्हा तिच्या अंगात सुती कुर्ती, त्यावर दोन स्वेटर आणि सर्वांवर नवऱ्याचा जुना पिसांचा कोट असतो. कोटाची चेन पोटाच्या वरच्या भागापर्यंत कशीबशी येते, खालचा भाग उघडाच राहतो. चालताना छातीत उकडते आणि ओटीपोटाला वारा लागतो. डब्यात शिरल्यावर कोट उतरवता येतो, पण स्वेटर डोक्यावरून काढण्याचे असल्यामुळे गर्दीत ते जमत नाही. अर्ध्या तासात पाठ घामाने भिजते. युनियन स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत कुर्ती पाठीला चिकटलेली असते. दिवसभर ती पुरती वाळत नाही, आणि संध्याकाळी त्याच ओलसर सुती कापडानिशी ती पुन्हा थंडीत उतरते. रात्री तिला वाटते की कपडे कमी पडले, आणि दुसऱ्या दिवशी ती तिसरा स्वेटर चढवते.

चूक स्वेटरच्या संख्येत नव्हती. ती अगदी आतल्या थरात आणि अगदी बाहेरच्या थरात होती.

आतल्या थराची चूक आपल्या सवयीतून येते. महाराष्ट्राच्या हवेत अंगाला सुती कापडच योग्य, आणि गर्भवतीला तर हमखास सुतीच घालायला सांगतात. तिथे हा सल्ला शहाणपणाचा आहे, कारण सूत घाम शोषते आणि गरम हवेत तो सुकताना अंगाला गारवा देते. नेमका हाच गुण उणे तापमानात दोष ठरतो. भिजलेले सूत कातडीला चिकटून राहते, तंतूंमधली हवेची जागा पाण्याने भरते, आणि पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून नेते. कातडीलगतचा थर मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीचा किंवा घाम बाहेर सोडणाऱ्या कृत्रिम धाग्याचा असावा. मेरिनोचा धागा इतका बारीक असतो की घोंगडीसारखा तो टोचत नाही, आणि किंचित ओला झाला तरी बरीचशी ऊब धरून ठेवतो. दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम वजनाचे कापड शहरातल्या वापराला पुरते. त्याहून जाड कापड कार्यालयात उकडवते. सूती अंतर्वस्त्रे मात्र चालतात, किंबहुना तीच बरी, कारण तिथला भाग झाकलेला आणि सहज बदलता येण्याजोगा असतो.

या थराची लांबी महत्त्वाची आहे. साधा गरम बनियन पोट वाढत जाते तसा वर सरकतो आणि नेमका पोटाचा खालचा उतार उघडा टाकतो. गर्भवतींसाठी शिवलेल्या बनियनला बाजूंना चुण्या असतात आणि तो नितंबांपर्यंत येतो. तसा मिळाला नाही, तर पोटाभोवती घालायचा रुंद, ताणला जाणारा विणकामाचा पट्टा हे काम करतो. हा पट्टा ऊब देण्यासाठी असतो, आधारासाठी नव्हे; तो इतका सैल हवा की बसल्यावर त्याची कड पोटात रुतू नये. पाठदुखीसाठी डॉक्टर किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ सुचवतात तो आधारपट्टा वेगळा असतो आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणेच वापरावा लागतो.

मधला थर समोरून चेन असलेला असावा, एवढी एकच अट पाळली तरी निम्मा त्रास कमी होतो. पातळ फ्लीसचे किंवा लोकरीचे जाकीट डब्यात बसल्याबसल्या उघडता येते, मागे सारता येते, पिशवीत ठेवता येते. डोक्यावरून घालायचा जाड स्वेटर दिसायला कितीही छान असला, तरी एकतिसाव्या आठवड्यात गर्दीत तो काढणे ही कसरत असते. या थराची चेन पोटावर लागलीच पाहिजे असेही नाही. ती छातीपर्यंत उघडी राहिली आणि वरचा कोट नीट मिटला, तर पुरे.

बाहेरचा कोट हा मात्र खर्चाचा आणि विचाराचा भाग. पिसांचा किंवा कृत्रिम भरणाचा कोट ऊब देतो तो त्यातल्या फुगलेल्या हवेमुळे. तोच कोट पोटावर ताणून मिटवला, तर भरण दाबले जाते, हवा निघून जाते आणि जिथे ऊब हवी तिथेच कोट पातळ होतो. घट्ट कोट पोटाला नुसता आवळत नाही, गारही ठेवतो. पोटावर सैलपणा हवा तो म्हणूनच केवळ आरामासाठी नाही. कोट अंगात असताना आतला हात पोट आणि कापड यांच्यामधून सहज फिरवता आला पाहिजे, आणि खुर्चीवर बसल्यावरही तो फिरला पाहिजे. दुकानात आरशासमोर उभे राहून कोट पसंत करणाऱ्या बहुतेक जणी नेमकी ही दुसरी परीक्षा घ्यायला विसरतात.

नवा गर्भारपणाचा कोट तीन महिन्यांसाठी महाग वाटतो, आणि ते खरेही आहे. त्यावर व्यवहारी उपाय म्हणजे कोटाच्या दोन चेनींच्या मधे बसणारी जोडपट्टी. आपल्या कोटाच्या चेनीला ती मिळतीजुळती असली, की समोर वीतभर किंवा त्याहून जास्त रुंदी मिळते, आणि बाळंतपणानंतर पट्टी काढून कोट पूर्ववत वापरता येतो. प्रत्येक कोटाच्या चेनीचे दात वेगळे असतात, म्हणून घेण्याआधी जुळवून पाहावे. नवऱ्याचा मोठा कोट हा तिसरा मार्ग. तो पोटावर मिटला तरी खांदे ओघळतात, बाह्या हातांवर येतात आणि खालची कड गुडघ्याखाली लोंबते. जिन्यावर हाच कोट पायात येतो. असा कोट वापरायचा, तर बाह्या दुमडून टाके घालावेत आणि लांबी गुडघ्याच्या वर राहील असा निवडावा. वरून आणि खालून अशी दोन्हीकडून उघडणारी चेन असेल तर उत्तम. बसताना किंवा पायऱ्या चढताना खालची चेन थोडी उघडली, की मांड्या मोकळ्या होतात आणि पोटावर ताण येत नाही.

खालच्या अंगाला पोट झाकणारी, वर रुंद लवचीक पट्टा असलेली गरम लेगिंग आणि त्यावर नेहमीची गर्भारपणाची पँट एवढे पुरते. जुन्या पँटचे बटण उघडे ठेवून रबरबँडने काम भागवण्याची युक्ती पहिल्या चार-पाच महिन्यांत ठीक असते; पुढे कमरपट्टीची कड जांघेजवळ दाबली जाऊन मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आणि जळजळ सुरू होऊ शकते. संध्याकाळी कपडे उतरवल्यावर पोटावर, कमरेवर किंवा पोटरीवर लाल खोलगट वळ दिसत असतील, तर ते कापड घट्ट आहे असे समजावे. जळजळ आणि आंबट ढेकर वाढले असतील, तर आधी कमरपट्टीकडे पाहावे आणि मग आहाराकडे.

लोकर टोचल्याने पोटाला खाज येणे सामान्य आहे. पण तळहात आणि तळपाय विशेष खाजत असतील, पुरळ मात्र दिसत नसेल आणि रात्री त्रास वाढत असेल, तर दोष लोकरीला देऊन थांबू नये. यकृताशी संबंधित एका विकाराचे ते लक्षण असू शकते. तो दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रियांत काहीसा अधिक आढळतो आणि रक्ततपासणीने कळतो.

आता त्याच स्त्रीची दुरुस्त केलेली सकाळ. आत मेरिनोचा लांब बनियन आणि पोट झाकणारी लेगिंग, त्यावर सैल कुर्ती, त्यावर पुढून उघडणारे पातळ फ्लीसचे जाकीट, आणि जोडपट्टी लावलेला वाराविरोधी कोट. कानटोपी, हातमोजे आणि मफलर. कपड्यांचे एकूण वजन आधीपेक्षा कमी. घराबाहेर पाऊल टाकताना तिला किंचित गार वाटते, आणि तसेच वाटायला हवे, कारण पाचव्या मिनिटाला चालण्याची ऊब येते. दारातच छान उबदार वाटत असेल, तर स्थानकावर पोहोचेपर्यंत घाम येणार हे नक्की. डब्यात पाय ठेवताच ती कानटोपी आणि मफलर काढते आणि कोट व जाकीट उघडते. युनियन स्टेशनला पाठ कोरडी असते.

ज्या दिवशी नवरा मोटारीने सोडतो, त्या दिवशी एक वेगळीच चूक होते. फुगीर कोटावरून लावलेला सुरक्षापट्टा घट्ट वाटतो, पण अपघातात कोटाचे भरण दबते आणि पट्टा व शरीर यांच्यात धोकादायक अंतर उरते. शिवाय जाड कोटावरून खालचा पट्टा सरकून पोटावर चढतो. गाडी आधी गरम करावी, कोट उघडून बाजूला सारावा किंवा काढावा, खालचा पट्टा पोटाच्या खाली मांड्यांच्या वरच्या बाजूला नितंबांच्या हाडांवर बसवावा, आणि तिरका पट्टा दोन स्तनांच्या मधून व पोटाच्या बाजूने न्यावा. मग हवा तर कोट शालीसारखा वरून पांघरावा.

बर्फ कुठला घसरडा, बूट कुठला खरा

गर्भारपणात घसरून पडण्याची भीती अनाठायी नाही. अमेरिकेतल्या पाहणीत साधारण चारपैकी एक नोकरदार स्त्री गर्भारपणात एकदा तरी पडल्याचे आढळले आहे. पोट पुढे येते तसा शरीराचा तोल बदलतो, सांध्यांचे बंध सैलावतात, आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे आपलीच पावले दिसेनाशी होतात. पायही बदलतात. ते सुजतात, कमान थोडी बसते, आणि काही जणींच्या पावलांची लांबी बाळंतपणानंतरही वाढलेलीच राहते. मागच्या वर्षीचे बूट चावू लागले, तर कारण केवळ सूज नसते.

बर्फाविषयी एक गोष्ट बाहेरून आलेल्यांना उशिरा कळते. सर्वांत थंड दिवस हा सर्वांत घसरडा दिवस नसतो. उणे १५ अंशांतला कोरडा बर्फ पावलाला त्यामानाने बरी पकड देतो. खरा धोका शून्याच्या आसपास असतो, जेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. दुपारी ऊन पडून कडेचा बर्फ वितळतो, पाणी पदपथावर पसरते आणि सूर्य मावळल्यावर गोठते. डांबरावरचा तो पारदर्शक थर ओल्या रस्त्यासारखाच दिसतो. उदाहरणातली स्त्री सकाळी उणे १२ मध्ये निर्धास्त गेली. तिने जपायचे ते दोन दिवसांनी, हवा थोडी उबदार होऊन पुन्हा गार झाली त्या संध्याकाळी, पोर्ट क्रेडिटला उतरल्यावर.

बुटाची पकड किंमतीवरून किंवा ‘हिवाळी’ या लेबलावरून ओळखता येत नाही. टोरांटो रिहॅब या पुनर्वसन संस्थेतील संशोधकांनी याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. त्यांच्या ‘विंटरलॅब’ नावाच्या प्रयोगशाळेत जमीन बर्फाची असते आणि ती हळूहळू कलती करता येते. दोरीने सुरक्षित बांधलेले माणूस बूट घालून त्या उतारावर चढते-उतरते, आणि पाय किती अंशांच्या कलापर्यंत टिकतो हे मोजतात. ७ अंशांचा उतार टिकला तर बुटाला एक हिमफूल, ११ अंशांना दोन आणि १५ अंशांना तीन हिमफुले मिळतात. सात अंश ही किमान मर्यादा धरण्यामागे पदपथाच्या कडेला असणारे उतार लक्षात घेतलेले आहेत. २०१६ साली पहिले निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा तपासलेल्या ९८ प्रकारच्या बुटांपैकी सुमारे नऊ दशांश बुटांना एकही हिमफूल मिळाले नाही. हे गुणांकन ratemytreads.com या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, आणि गर्भवतीने बूट घेण्याआधी तिथे नजर टाकणे ही दुकानातल्या तासभर चर्चेपेक्षा उपयोगी गोष्ट आहे.

यादीतला बूट परवडत नसेल किंवा पावलाला बसत नसेल, तर तळ हाताने पाहावा. बुटाचा तळ मऊ रबराचा असावा आणि थंडीतही अंगठ्याने किंचित दबावा. कडक प्लास्टिकसारखा तळ उणे तापमानात आणखी कडक होतो आणि काचेसारखा सरकतो. खोल खाचा भुसभुशीत बर्फात कामाच्या असतात, पण गुळगुळीत बर्फावर खाचांपेक्षा रबराचा मऊपणा आणि त्यात मिसळलेले खरखरीत कण जास्त उपयोगी पडतात. टाच रुंद आणि दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असावी. दोन हिवाळे वापरून तळ झिजला असेल, तर एकेकाळी उत्तम असलेला बूटही विश्वासाचा राहत नाही.

बूट संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, आणि जे मोजे घालायचे तेच घालून पाहावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. जाड मोज्यांचे दोन जोड घालून बूट घट्ट झाला, तर रक्तप्रवाह अडतो आणि पाय अधिक गार पडतात; लोकरीचा एकच जोड आणि बोटे हलवायला जागा हा चांगला मेळ आहे. लेस बांधायला वाकता येत नाही अशी वेळ आठव्या महिन्यात येतेच. म्हणून बाजूला लांब चेन असलेला किंवा पट्टीने मिटणारा, तोंड रुंद असलेला आणि घोट्याला धरून ठेवणारा बूट निवडावा. नुसता पाय सरकवायचा सैल बूट घालायला सोपा असतो, पण त्यात टाच उचलली जाते आणि बर्फावर तोल जातो.

बुटावर चढवायच्या रबरी जाळीचे खिळे बर्फावर उत्कृष्ट पकड देतात. त्यांची अडचण दारात सुरू होते. गो स्थानकाची फरशी, इमारतीचा संगमरवर किंवा पाथमधल्या चकचकीत लाद्या यांवर तेच खिळे घसरतात, म्हणून आत शिरण्याआधी जाळी काढावी लागते. पोट पुढे आलेल्या स्त्रीला उभ्याने वाकून ती काढणे हाच पडण्याचा मोठा धोका आहे. दाराबाहेर बसायला बाक असेल किंवा सोबत कोणी असेल, तरच ही जाळी वापरावी. रोज दहा वेळा आत-बाहेर करणारीने पकडीचा तळ असलेला बूटच घ्यावा.

चालण्याची पद्धतही बदलावी लागते. पावले लहान, पाऊल सपाट, वजन पुढच्या पायावर, गुडघे किंचित वाकलेले. हात खिशात नसावेत, म्हणून हातमोजे विसरणे हेही पडण्याचे कारण ठरू शकते. लॅपटॉपची पिशवी एका खांद्यावरून लोंबत ठेवण्यापेक्षा दोन्ही खांद्यांवर अडकवावी.

मराठी घरांची एक खास जागा इथे सांगितली पाहिजे. आपण पादत्राणे दारात काढतो. बुटांना चिकटलेला बर्फ दारातल्या लाद्यांवर वितळतो, त्या पाण्यात मोज्यांचे पाय पडतात, आणि तेच ओले मोजे लाकडी जिन्यावर चढतात. रस्त्यावर जपून चालणारी स्त्री स्वतःच्या घरात पडते ती अशी. दारात कडा उंच असलेली रबरी थाळी बुटांसाठी, शेजारी बसायला स्टूल, आणि मागे पट्टा असलेली रबरी तळाची घरातली वेगळी चप्पल, एवढी सोय केली की रीतही राहते आणि जिनाही सुरक्षित होतो.

डोहाळजेवण हिवाळ्यात आले, तर साडी आणि बर्फ यांचा मेळ घालावा लागतो. परकराच्या नाडीऐवजी रुंद लवचीक पट्टा पोटाच्या खाली बसवावा, आत गरम लेगिंग घालावी, निऱ्या घोट्याच्या वर राहतील इतपत साडी आखूड नेसून बुटांवरच सभागृहापर्यंत जावे. सँडल पिशवीत न्यावेत आणि आत खुर्चीवर बसून बदलावेत. फोटोत बूट दिसत नाहीत.

तरीही पडल्यास

पडल्यावर लगेच उठण्याची घाई करू नये. क्षणभर थांबून, कुशीवर वळून, हातागुडघ्यांवर येऊन, कशाचा तरी आधार घेऊन उठावे. हातावर किंवा नितंबावर पडणे आणि पोटावर थेट आपटणे यांत मोठा फरक आहे. विसावा आठवडा उलटल्यानंतर पोटाला मार लागला असेल, तर काही दुखत नसले तरी प्रसूती विभागाला फोन करावा. साधारण तेविसाव्या आठवड्यानंतर अशा वेळी गर्भाच्या हृदयाचे ठोके निदान चार तास यंत्रावर पाहण्याची पद्धत आहे, कारण वार सुटू लागल्याचे लक्षण कधी कधी उशिरा दिसते. रक्तस्राव, पाणी जाणे, पोट दगडासारखे कडक होणे किंवा थांबून थांबून दुखणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मातेचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर मार लागल्यापासून ७२ तासांच्या आत एक इंजेक्शन द्यावे लागू शकते. रक्तगट लिहिलेला कागद म्हणूनच पाकिटात असावा. शंका किरकोळ वाटत असेल, तेव्हा ऑन्टॅरिओत ८११ या क्रमांकावर परिचारिकेशी रात्रीही बोलता येते.

सुजेबाबतही एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दोन्ही पाय संध्याकाळी सुजतात आणि रात्री उतरतात, तेव्हा बुटाचे माप वाढवले की भागते. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली आणि गरम लागली, तर रक्ताची गाठ असल्याची शंका घ्यावी लागते. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोके ठणकू लागले किंवा डोळ्यांपुढे ठिपके दिसू लागले, तर ते वाढलेल्या रक्तदाबाचे लक्षण असू शकते. या दोन्ही वेळी बूट सैल करून भागत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते.